संचालकपद सोडताना: राजीनाम्याची तारीख, DIR-12 आणि मागे उरणारी जबाबदारी

खासगी कंपनीतून बाहेर पडलेल्या संचालकाला दोन-तीन वर्षांनी नोटीस येते, तेव्हा तो पहिल्यांदा म्हणतो, "मी तर कधीच राजीनामा दिला होता." वकील लगेच विचारतो: कोणत्या तारखेला, कंपनीला तो कधी मिळाला आणि पुरावा काय? पुढचे बहुतेक सगळे या तीन उत्तरांवर ठरते. त्यामुळे या लेखात मी त्या तारखेभोवतीच फिरणार आहे. ती कशी ठरते, सरकारी नोंदीत कशी उतरते, तिच्या अलीकडचे काय तुमच्या अंगावर राहते आणि पलीकडचे काय राहत नाही, हे पाहू. चौकट भारताच्या कंपनी कायदा, २०१३ ची आहे आणि उदाहरण लहान खासगी कंपनीचे, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो.

समजा, एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत तीन संचालक आहेत. दोघे भाऊ व्यवहार बघतात आणि तिसरी संचालिका तांत्रिक बाजू सांभाळते. मतभेद वाढल्यावर तिने बाहेर पडायचे ठरवले. पत्रावर तिने १ जून २०२५ ही तारीख घातली आणि "आजपासून राजीनामा देत आहे" असे लिहिले. कंपनीच्या नोंदणीकृत ई-मेलवर पत्र गेले ४ जूनला. तीच प्रत स्पीड पोस्टने नोंदणीकृत कार्यालयात ७ जूनला पोहोचली. भावांनी उत्तर दिले नाही, राजीनामा "मंजूर" केला नाही आणि संचालक बदलल्याचे सरकारला कळवणारा DIR-12 हा फॉर्मही भरला नाही. हेच उदाहरण आपण शेवटपर्यंत धरून ठेवू.

## पद नेमके कधी सुटले?

कलम १६८ स्पष्ट आहे. संचालकाने कंपनीला लेखी सूचना द्यायची. राजीनामा लागू होण्याची तारीख दोनपैकी नंतरची धरायची: कंपनीला पत्र मिळाल्याची तारीख, किंवा पत्रात संचालकाने लिहिलेली तारीख. मंजुरीचा प्रश्नच येत नाही. संचालक मंडळाने फक्त "नोंद घ्यायची" असते. भावांनी बैठक घेतली नाही म्हणून तिचे पद चालू राहिले, असे होत नाही.

आपल्या उदाहरणात पत्रातली तारीख १ जून आणि मिळाल्याची ४ जून. म्हणजे पद सुटले ४ जूनला. मागची तारीख घालून सुटका मागे नेता येत नाही. उलट, पुढे कधी कागद न्यायालयात गेले तर पत्रावरची तारीख आणि ई-मेलची तारीख यांतला फरक विरुद्ध बाजू बोट ठेवून दाखवते. म्हणून पत्र ज्या दिवशी पाठवाल तीच तारीख त्यावर घाला. पुढची तारीख द्यायची असेल तर अंतर थोडे ठेवा. कंपनीची तीस दिवसांची मुदत पत्र मिळाल्यापासून धावते, तर फॉर्ममध्ये प्रत्यक्ष पद सुटल्याची तारीख भरावी लागते. त्यामुळे तीन महिन्यांनंतरची तारीख दिली की दोघांचा मेळ बसत नाही.

पत्र छोटे असावे. कंपनीचे नाव, तिचा नोंदणी क्रमांक, तुमचे नाव, तुमचा डीआयएन म्हणजे संचालक ओळख क्रमांक, "कलम १६८ अन्वये संचालकपदाचा राजीनामा" हे शब्द, लागू होण्याची तारीख आणि DIR-12 भरून त्याची पावती मला पाठवावी ही विनंती, इतके पुरते. "राजीनामा स्वीकारावा ही विनंती" असे लिहू नका. मंजुरीची अट आपणच घालून घेतल्यासारखे होते. कारणे लिहायची की नाही, यावर माझे मत ठाम आहे. हिशोबात गैरप्रकार दिसला असेल आणि तुम्ही त्याला विरोध केला असेल, तर ते तथ्यांसह, आरोपांच्या भाषेशिवाय, जरूर लिहा. तसे नसेल तर "वैयक्तिक कारणास्तव" पुरेसे आहे. मात्र खरे कारण गैरव्यवहाराचे असताना "वैयक्तिक" लिहिणे धोक्याचे आहे. पुढे तुम्ही म्हणाल की मला खटकले म्हणून मी गेलो, आणि तुमचेच पत्र तुमच्याविरुद्ध साक्ष देईल.

पाठवताना एका मार्गावर विसंबू नका. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या, पोर्टलवर कंपनीच्या मास्टर डेटात नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि ई-मेल दिसतो. त्याच दोन ठिकाणी पाठवा, आणि उरलेल्या संचालकांना प्रत द्या. व्हॉट्सॲपवर "मी सोडतोय" एवढे लिहून थांबणारे बरेच असतात. तेवढ्यावर तारीख सिद्ध करायची वेळ येऊ देऊ नका. स्पीड पोस्टचा ट्रॅकिंग तपशील त्याच आठवड्यात छापून ठेवा, कारण तो ऑनलाइन कायम राहत नाही.

तुम्ही पूर्णवेळ किंवा व्यवस्थापकीय संचालक असाल, तर नोकरीचा करार वेगळा असतो आणि त्यातली नोटीसची मुदतही वेगळी. दोन्हीसाठी स्वतंत्र पत्रे द्या. शेअर तुमच्याकडे असतील तर तेही तसेच राहतात. संचालकपद सोडल्याने भागधारकत्व सुटत नाही.

## दोन फॉर्म: एक कंपनीचा, एक तुमचा

पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत कंपनीने कंपनी निबंधकाकडे DIR-12 भरायचा असतो. आपल्या उदाहरणात शेवटची तारीख ४ जुलै. राजीनाम्याचे पत्र त्याला जोडतात आणि फॉर्मवर पदावर राहिलेल्या एखाद्या संचालकाची किंवा अधिकाऱ्याची डिजिटल सही लागते. पुढच्या सर्वसाधारण सभेतल्या संचालकांच्या अहवालातही राजीनाम्याचा उल्लेख हवा, आणि कंपनीची वेबसाइट असेल तर तिथेही माहिती टाकायची असते.

दुसरा फॉर्म DIR-11. तो राजीनामा देणाऱ्याने स्वतः भरायचा. ७ मे २०१८ पूर्वी तो सक्तीचा होता. त्या दिवसापासून ऐच्छिक झाला, आणि तेव्हापासून बहुतेक लोक तो सोडून देतात. माझ्या मते लहान कंपनीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने तो भरावाच. मुदत राजीनाम्यापासून तीस दिवस. जोडायचे कागद: राजीनाम्याचे पत्र, ते पाठवल्याचा पुरावा आणि कंपनीने पोच दिली असेल तर ती.

या फॉर्मची मर्यादाही समजून घ्या. मास्टर डेटातून नाव हटते ते DIR-12 मुळे. DIR-11 भरले आणि कंपनीने काहीच केले नाही, तर पोर्टलवर तुम्ही संचालक म्हणूनच दिसत राहू शकता. मग भरायचा कशाला? कारण त्याने तुमच्या बाजूचा, तारखेसह, सरकारी दप्तरात पडलेला पुरावा तयार होतो. वर्षभराने भावांनी "आम्हाला पत्र मिळालेच नाही" म्हटले, तर हा फॉर्म त्यांच्या म्हणण्याआधीचा असतो.

DIR-11 भरताना अडचण येते ती तुमच्या डीआयएनची आणि डिजिटल सहीची. केवायसी न केल्यामुळे डीआयएन निष्क्रिय असेल तर फॉर्म पुढे सरकत नाही. म्हणून राजीनामा देण्याच्या आधीच दोन्ही तपासा. राजीनाम्यानंतर तपासायला बसलात तर तीस दिवसांपैकी निम्मे त्यातच जातात. त्यानंतर उशिराची फी सुरू होते. अधिकृत भांडवल ५ ते २५ लाखांच्या दरम्यान असेल तर नेहमीची फी ४०० रुपये. मुदतीनंतर पहिल्या ३० दिवसांत तिच्या दुप्पट आणि पुढच्या ३० दिवसांत चौपट जादा फी लागते. रक्कम लहान आहे, पण उशिरा भरलेला फॉर्म पुराव्याचा जोर कमी करतो. खरे नुकसान ते.

४ जुलै उलटली आणि DIR-12 दिसत नाही, तर काय करायचे? पहिले, कंपनीला आणि प्रत्येक संचालकाला लेखी स्मरणपत्र. दुसरे, पत्र, पोच, DIR-11 ची पावती आणि स्मरणपत्र जोडून संबंधित निबंधकाकडे तक्रार. निबंधकाला कलम २०६ खाली कंपनीकडून माहिती आणि खुलासा मागवता येतो. त्यानेही हलले नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग उरतो, आणि तिथे हीच कागदपत्रे लागतात.

संचालकांच्या किमान संख्येचीही एक अडचण आहे. खासगी कंपनीत किमान दोन संचालक लागतात, आणि त्यातला किमान एक आर्थिक वर्षात १८२ दिवस तरी भारतात राहिलेला असावा लागतो. आपल्या उदाहरणात तिच्या जाण्याने दोघे उरतात, त्यामुळे प्रश्न येत नाही. पण दोघांच्याच कंपनीतून एक गेला तर कंपनी किमान संख्येच्या खाली जाते आणि फॉर्मही अडतो. कायद्याने राजीनामा तरीही लागू होतो, पण व्यवहारात नव्या संचालकाची नेमणूक आणि जुन्याचा राजीनामा एकाच DIR-12 मध्ये दाखवणे सोयीचे पडते. सगळेच संचालक एकदम गेले तर नवे नेमण्याची जबाबदारी प्रवर्तकांवर येते, ते नसतील तर केंद्र सरकारवर.

## काढून टाकणे वेगळे

संचालक मंडळ एखाद्या संचालकाला काढू शकत नाही. दोन भावांनी बैठकीत हात वर करून तिसरीला काढले, असा ठराव लिहिला तरी कायद्याच्या दृष्टीने तो काढणे नव्हे. कलम १६९ प्रमाणे हा अधिकार भागधारकांचा आहे, आणि तोही सर्वसाधारण सभेत साध्या बहुमताने. दुसऱ्या कार्यकाळासाठी पुन्हा नेमलेल्या स्वतंत्र संचालकाला मात्र विशेष ठरावाशिवाय काढता येत नाही.

त्यासाठी आधी "विशेष सूचना" लागते. किमान एक टक्का मतशक्ती असलेल्या, किंवा कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत भरणा झालेले शेअर धरणाऱ्या भागधारकांना ती देता येते. ती कंपनीकडे सभेच्या किमान १४ दिवस आणि जास्तीत जास्त तीन महिने आधी पोहोचली पाहिजे. मिळताच कंपनीने तिची प्रत संबंधित संचालकाला पाठवायची. त्याला सभेत बोलण्याचा हक्क असतो, शेअर नसले तरी. लेखी म्हणणे दिले तर ते सगळ्या सदस्यांना पाठवायला हवे. उशीर झाला किंवा कंपनीने चूक केली तर ते सभेत वाचून दाखवण्याची मागणी करता येते. ऐकून घेणे हा या प्रक्रियेचा गाभा असल्यामुळे असा ठराव टपाली मतदानाने उरकता येत नाही. सभा बोलावायची २१ दिवसांची मुदत वेगळी मोजायची असते. मंडळ सभा बोलावतच नसेल, तर दहा टक्के भरणा भांडवल असलेले भागधारक कलम १०० खाली मागणी करू शकतात.

ठराव मंजूर झाला की तीस दिवसांत DIR-12 भरायचा. काढलेल्या व्यक्तीला मंडळ रिकाम्या जागी परत नेमू शकत नाही. नोकरीच्या करारामुळे तिला मिळणारी भरपाई मात्र या काढण्याने बुडत नाही.

लहान कंपन्यांत हा सरळ रस्ता टाळण्यासाठी दोन आडवाटा वापरल्या जातात आणि दोन्ही ओळखता आल्या पाहिजेत. पहिली कलम १६७ ची. सलग बारा महिन्यांत मंडळाच्या एकाही बैठकीला हजर न राहिलेल्या संचालकाचे पद आपोआप रिकामे होते. मग त्याला बैठकीच्या सूचनाच पाठवायच्या नाहीत आणि वर्षाने "गैरहजर" म्हणून फॉर्म भरायचा. तुम्हाला तीन-चार महिने बैठकीची सूचना आली नसेल तर "मला सूचना मिळत नाहीत, पुढची बैठक कधी?" असे ई-मेलने विचारून ठेवा. दुसरी वाट उघड खोटेपणाची आहे. तुमच्या नावाने राजीनाम्याचे पत्र तयार करून DIR-12 भरला जातो. त्यासाठी दर तीन महिन्यांनी मास्टर डेटात आपले नाव पाहायची सवय ठेवा. खोटा फॉर्म दिसला तर त्याच दिवशी निबंधकाला लिहा, फौजदारी तक्रार द्या, आणि तुमच्याकडे शेअर असतील तर कलम २४१ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे, जाण्याचा विचार वकिलासोबत करा.

## कागद आणि किल्ल्या सोपवताना

हस्तांतर म्हणजे फाईलींचा गठ्ठा देणे एवढेच नाही. कलम ४५२ नुसार कंपनीची मालमत्ता चुकीने अडवून ठेवणे हा गुन्हा आहे आणि त्यात १ ते ५ लाख रुपये दंड होऊ शकतो. भांडणात लॅपटॉप किंवा वैधानिक रजिस्टर "पैसे मिळेपर्यंत" ठेवून घेणारा संचालक आपली चांगली बाजू स्वतःच बिघडवतो. पगार किंवा कर्जाची बाकी वेगळी मागा, वस्तू परत करा.

सोपवण्याची यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. समोरचा सही देत नसेल तर यादी ई-मेलने पाठवा आणि फोटो काढा. यादीत वैधानिक रजिस्टरे, इतिवृत्तांची वही, चेकबुके, करारांच्या मूळ प्रती, लॅपटॉप, डोमेनचे आणि ई-मेलचे ॲडमिन खाते हे सगळे यावे. चेकबुकातले वापरलेले आणि कोरे क्रमांक वेगवेगळे लिहा.

सर्वात जास्त त्रास ज्याचा होतो ती गोष्ट मात्र यादीत कुणी लिहीत नाही: ओटीपी. जीएसटी, आयकर, बँक, भविष्य निर्वाह निधी या सगळ्या खात्यांना बाहेर पडणाऱ्याचाच मोबाइल जोडलेला असतो. तो बदलला नाही तर तुमच्या फोनवर ओटीपी येत राहतात आणि तुम्ही ते सांगत राहता. पुढे "राजीनाम्यानंतरही कारभार हाच बघत होता" असे म्हणायला तेवढे पुरते. म्हणून क्रमांक बदलणे राजीनाम्याच्या आधीच उरका, आणि नंतर आलेला ओटीपी कुणालाही देऊ नका. जीएसटीमध्ये संचालक बदलल्याची सुधारणा कंपनीने पंधरा दिवसांत करायची असते. बँकेत सह्यांचा अधिकार बदलायला मंडळाचा ठराव लागतो, पण तुमचे नाव काढण्यासाठी तुम्ही स्वतः शाखेला लेखी कळवून पोच घेऊ शकता. आपल्या उदाहरणातल्या संचालिकेने हे पत्र ४ जूनलाच द्यायला हवे.

आणि डिजिटल सहीचा टोकन. तो पुष्कळदा हिशेबनीसाच्या कपाटात पिनसकट पडलेला असतो. ती तुमची वैयक्तिक सही आहे, कंपनीची मालमत्ता नव्हे. राजीनाम्याच्या दिवशी तो परत घ्या. मिळत नसेल तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे ते रद्द करायला सांगा.

स्वतःकडे काय ठेवायचे? तुमच्या कार्यकाळातल्या बैठकांची इतिवृत्ते पाहण्याचा हक्क पद सोडल्यावरही राहतो, आणि त्यांच्या सही झालेल्या प्रतीही मागता येतात. मंडळाच्या बैठकांसाठीच्या सचिवीय मानक १ मध्ये तशी तरतूद आहे. जाण्यापूर्वीच मागून घ्या, कारण नंतर मागितल्यावर उत्तर येईपर्यंत महिने जातात. त्यासोबत मंजूर वार्षिक हिशोब, भरलेली कर विवरणे आणि चलने, बँकेची अखेरची शिल्लक, थकबाकीची यादी आणि तुमच्या विरोधाचे ई-मेल ठेवा. कायद्यात "कसूरदार अधिकारी" ठरवताना पाहतात की मंडळाच्या कागदांतून किंवा बैठकीतून तुम्हाला गोष्ट माहीत होती का आणि तुम्ही हरकत घेतली का. त्यामुळे विरोध इतिवृत्तात यायला हवा. येत नसेल तर त्याच दिवशी ई-मेलने नोंदवा. ग्राहकांची माहिती, किंमतींच्या फाईली, सोर्स कोड मात्र सोबत नेऊ नका. बचावासाठी त्यांची गरज नसते, आणि त्यावरून तुमच्यावरच दावा होऊ शकतो.

## तारखेच्या अलीकडचे काय राहते

कलम १६८ मध्येच लिहिले आहे की आपल्या कार्यकाळात घडलेल्या गुन्ह्यांसाठी संचालक राजीनाम्यानंतरही जबाबदार राहतो. पण प्रत्येक कायदा तारीख वेगळ्या तऱ्हेने मोजतो. आपल्या संचालिकेची ४ जून तिथे कशी बसते ते पाहू.

आधी आयकर. खासगी कंपनीकडून कर वसूल होत नसेल तर आयकर कायदा, १९६१ च्या कलम १७९ प्रमाणे तो संचालकांकडून वसूल करता येतो, आणि त्यात शब्द आहेत "त्या वर्षात कधीही संचालक असलेली व्यक्ती". म्हणजे २०२५-२६ या वर्षात ती १ एप्रिल ते ४ जून एवढाच काळ संचालक असली, तरी त्या पूर्ण वर्षाच्या करासाठी तिचे नाव येऊ शकते. सुटकेचा मार्ग असा की वसुली न होणे हे आपल्या घोर निष्काळजीपणामुळे, गैरवर्तनामुळे किंवा कर्तव्यभंगामुळे घडले नाही, हे तिने सिद्ध करायचे. सिद्ध करण्याचा भार तिच्यावर आहे, हे विसरू नका. वर्षाच्या मध्ये निघणे टाळता येत असेल तर ३१ मार्चच्या आसपास निघावे, असे मी म्हणतो ते याचसाठी.

जीएसटीत कलम ८९ जवळपास असेच आहे, पण मोजणी कराच्या कालावधीची. मे महिन्याचे विवरण २० जूनला, म्हणजे ती गेल्यावर भरायचे होते. तरी मे हा तिच्या कार्यकाळातला महिना, आणि तो कर भरला गेला नाही तर प्रश्न तिच्यापर्यंत येतो. जूनचे पहिले चार दिवसही तिचेच. म्हणून निघताना त्या तारखेपर्यंतच्या विक्रीचा आणि कराचा हिशोब घेऊन ठेवणे गरजेचे.

चेकचे गणित वेगळे आहे. परक्राम्य लिखत कायद्याच्या कलम १४१ मध्ये गुन्हा घडला त्या वेळी कंपनीच्या कारभाराला जबाबदार कोण होते, हे पाहिले जाते. १८ जूनला भावांनी सह्या करून दिलेला चेक परत गेला, तर तिची बाजू भक्कम आहे. सर्वोच्च न्यायालयाने हर्षेंद्र कुमार विरुद्ध रेबतीलता कोळे या २०११ च्या निकालात हेच धरले. तिथे संचालकाचा राजीनामा २ मार्च २००४ चा, निबंधकाकडे फॉर्म दोन दिवसांनी गेलेला आणि चेक ३० एप्रिलचे. खटला सुरुवातीलाच रद्द झाला, कारण राजीनाम्याची सार्वजनिक नोंद चेकच्या आधीची होती. आता उलट बाजू पाहा. तिने स्वतः २० मे रोजी सही करून २५ जूनची तारीख घातलेला चेक दिला असेल, तर तक्रारदार तिचे नाव घेणारच, आणि सुरुवातीलाच बाहेर पडणे फार कठीण होते. राजीनाम्यापूर्वी आपल्या सहीचे, पुढच्या तारखेचे सगळे चेक शोधा आणि दुसऱ्यांच्या सहीचे देऊन ते परत घ्या.

वार्षिक विवरणांकडेही लक्ष द्या. सलग तीन आर्थिक वर्षांचे हिशोब किंवा वार्षिक विवरण कंपनीने भरले नाही, तर कलम १६४ प्रमाणे पाच वर्षांची अपात्रता येते, आणि त्या कलमात "संचालक असलेली किंवा राहिलेली" असे दोन्ही शब्द आहेत. दोन वर्षे बाकी असलेल्या कंपनीतून निघत असाल तर मागची विवरणे भरून घेऊनच निघा. या अपात्रतेचा फटका तुमच्या दुसऱ्या कंपन्यांतल्या पदांनाही बसतो.

वैयक्तिक हमी हा सर्वात महाग पडणारा विषय आहे, कारण राजीनाम्याशी तिचा काही संबंधच नसतो. बँकेच्या कॅश क्रेडिटला तुम्ही हमी दिली असेल, तर तो तुमचा आणि बँकेचा करार आहे. करार कायद्याच्या कलम १३० प्रमाणे चालू हमी पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते. पण हमीपत्रात तो हक्क सोडल्याचे कलम असेल तर ते तुम्हाला बांधते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अशाच एका प्रकरणात बँकेच्या बाजूने निकाल दिला. म्हणून राजीनाम्याच्या आधी बँकेकडे नवा हमीदार किंवा जास्तीचे तारण देऊन स्वतःच्या मुक्ततेचे लेखी पत्र मागा. ते मिळत नसेल तर निदान तारखेसह नोटीस देऊन त्या दिवसाची बाकी लेखी घ्या. भावांनी दिलेले "तुमच्यावर काही येऊ देणार नाही" हे पत्र त्यांच्याविरुद्ध कामी येईल, बँकेविरुद्ध नाही. कर खात्याविरुद्धही नाही.

कारभारात नसलेल्या आणि स्वतंत्र संचालकांना कलम १४९ चे थोडे संरक्षण आहे. मंडळाच्या प्रक्रियेतून त्यांना माहीत असलेल्या आणि त्यांच्या संमतीने किंवा दुर्लक्षामुळे झालेल्या गोष्टींपुरतीच त्यांची जबाबदारी. प्रामाणिकपणे आणि वाजवी रीतीने वागलेल्या अधिकाऱ्याला दिलासा देण्याचा अधिकार कलम ४६३ खाली न्यायालयाला आहे. दोन्हीकडे पुरावा लागतो तो इतिवृत्त आणि ई-मेलचाच.

## नोटीस आलीच तर

पहिले, ती दुर्लक्षू नका आणि कंपनीकडे ढकलू नका. "मी आता तिथे नाही" असे तोंडी सांगून सोडल्याने एकतर्फी आदेश होतात. नोटीस कोणत्या कालावधीची किंवा कोणत्या व्यवहाराची आहे ते आधी वाचा आणि तो दिवस तुमच्या राजीनाम्याच्या तारखेशी जुळवा.

व्यवहार तारखेनंतरचा असेल तर उत्तरात राजीनाम्याचे पत्र, पोच, DIR-11 ची पावती आणि DIR-12 ची प्रमाणित प्रत जोडा. ही प्रत शुल्क भरून कुणालाही मिळते. चेकच्या प्रकरणात समन्स निघाले असेल तर याच कागदांच्या आधारे उच्च न्यायालयात खटला रद्द करण्याचा अर्ज होतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली होई, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५२८ खाली. व्यवहार तारखेच्या आधीचा असेल तर राजीनाम्यावर भर देऊन उपयोग नाही. तिथे त्या काळात तुमच्याकडे कोणते काम होते, तुम्हाला काय माहीत होते आणि तुम्ही काय हरकत घेतली, यावर उत्तर लिहावे लागते. निघताना घेतलेली इतिवृत्ते, चलने आणि ई-मेल यासाठीच लागतात.

संचालकांचा जबाबदारी विमा कंपनीने घेतला असेल, तर नोटीस मिळताच विमा कंपनीला कळवा. अशा पॉलिसी सहसा दावा ज्या दिवशी येतो त्या दिवशी चालू असाव्या लागतात, कृती जुनी असली तरी. त्यामुळे राजीनामा देतानाच पॉलिसीची प्रत घ्या आणि माजी संचालकांना किती वर्षे संरक्षण आहे ते वाचून ठेवा.